‘वापर बिनधास्त’ असं दादा म्हणाला, आता पुढे काय?

पत्र : ताई, मी २६ वर्षांची आहे, दिवसा मालाडला एका ॲनिमेशन स्टुडिओत नोकरी करते आणि रात्री घरी स्वतःची आठ मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करतेय. फिल्म आमच्या गिरगावातल्या चाळीवर आहे, जी आता पाडली. शेवटच्या सीनला एका मराठी इंडी गायकाचं पावसाचं गाणं लावलंय, त्या ठेक्यावरच सगळं ॲनिमेट केलंय. त्याला इन्स्टावर मेसेज टाकला होता, ‘दादा, तुमचं गाणं माझ्या फिल्ममध्ये वापरू का? क्रेडिट देईन, दहा हजार रुपये पण देऊ शकते.’ दुसऱ्याच दिवशी रिप्लाय आला, ‘अगं वापर बिनधास्त, पैसे कशाला!’ मी हवेत. आता फेस्टिव्हलच्या फॉर्मवर म्युझिकचे हक्क घेतलेत का असं विचारलंय. मित्र म्हणतो कागद करून घे. पण एवढ्या मोठ्या मनाने हो म्हणणाऱ्या माणसाकडे सही मागायची म्हणजे माझा तुमच्यावर विश्वास नाही असंच झालं ना? शिवाय गाण्याखाली गीतकार म्हणून दुसऱ्याचं नाव आहे आणि एका छोट्या म्युझिक लेबलचंही. त्यांना पण विचारायचं का? की दादाचा हो पुरेसा आहे?
— चाळकरी, मुंबई

उत्तर : चाळकरी, आधी एक गोष्ट तुझ्या बाजूने. तू फिल्म पूर्ण व्हायच्या आत विचारलंस आणि पैशाचा आकडा स्वतःहून सांगितलास, असं करणारे फार कमी भेटतात. बहुतेक मेसेज ‘तुमचं गाणं लाखो लोकांपर्यंत पोचेल’ या टाइपचे असतात आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं की खिशात काही नाहीये.

पण तुझा मेसेज परत एकदा वाच, दादाच्या जागी बसून. कुठली फिल्म, किती मिनिटांची, गाण्याचा कुठला भाग, कुठल्या सीनवर, कुठे दाखवणार, किती वर्षं, यातलं काहीच त्यात नाहीये. ‘फिल्ममध्ये वापरू का’ एवढंच. त्या बिचाऱ्याने काय समजून हो म्हटलं असेल? कदाचित त्याला वाटलं असेल कॉलेजचं प्रोजेक्ट आहे, दहा जण बघतील. त्याचं मन मोठं आहे हे खरं, पण तो कशाला हो म्हणाला हे त्यालाही माहीत नाही आणि तुलाही नाही, आणि माझ्या मते खरी अडचण इथे आहे, सहीत नाही.

आता दादाचा हो पुरेसा आहे का, तर त्यासाठी त्या गाण्याचे मालक कोण ते बघायला लागेल. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७ चा, वेळोवेळी सुधारलेला) एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू धरतात. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. शब्दांचा पहिला मालक गीतकार, चालीचा संगीतकार, आणि रेकॉर्डिंगचा मालक निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन ते रेकॉर्ड करवलं तो. गायला कोण हे इथे विचारतच नाहीत. गायकाचे स्वतःचे कलाकार म्हणून हक्क असतात, ते आहेतच, पण आपला आवाज आहे म्हणून रेकॉर्डिंग आपलं असं होत नाही. चाल दादानेच लावलीये असं मी धरून चालते. थोडक्यात तुझ्या गाण्याच्या सातबाऱ्यावर तीन नावं आहेत आणि तू एकालाच विचारलंयस.

हे तुला घरबसल्या तपासता येईल. यूट्यूबवर त्या गाण्याचं जे ऑटोमॅटिक बनलेलं पान असतं, नुसतं कव्हरचं चित्र दिसतं ते, तिथे खालचं वर्णन उघड. वरती ‘Provided to YouTube by’ आणि पुढे एक नाव येतं, ते बहुतेक वेळा फक्त डिस्ट्रिब्यूटरचं असतं, गाणी सगळ्या ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीचं, त्याला घाबरू नकोस, तो मालक नाही. त्याच्या खाली ℗ असं चिन्ह, साल आणि एक नाव दिसेल. ते नाव रेकॉर्डिंगवर दावा करणाऱ्याचं. बऱ्याचदा त्याच्याही खाली संगीतकार, गीतकार अशी नावं असतात. इंडीवाले स्वतःच गाणी टाकतात तेव्हा ℗ पुढे त्यांचंच नाव येतं आणि काम अगदी सोपं होतं. तुझ्या केसमध्ये तिथे लेबलचं नाव असणार असं तुझ्या पत्रावरून वाटतंय. आता त्या ℗ वर डोळे झाकून विश्वासही ठेवायचा नाही बरं का, अपलोड करताना ज्याने फॉर्म भरला त्याने जे टाइप केलं तेच तिथे दिसतं. म्हणून त्यावरून फक्त कोणाला विचारायचं ते कळतं, उत्तर माणसांकडूनच घ्यायचं.

आणि दादाला फोनवर एकच प्रश्न विचार, ‘दादा, लेबलबरोबर ॲग्रीमेंट केलं तेव्हा फक्त रेकॉर्डिंग दिलं की चाल पण दिली?’ आपल्याकडे बऱ्याच लेबलच्या करारात रेकॉर्डिंग, चाल, शब्द सगळं एकत्रच लिहून घेतलेलं असतं आणि कलाकाराने ते नीट वाचलेलं नसतं. तसं असेल तर दादाचा बिनधास्त हो प्रेमाचा आहे पण कागदावर त्याच्याकडे द्यायला काहीच उरलेलं नाहीये. त्याने चाल दिलेली नसेल तर त्याचा हो चालीपुरता चालतो. शब्दांसाठी गीतकार आणि रेकॉर्डिंगसाठी लेबल, हे तरीही उरतातच.

यात एक खरी घडलेली गोष्ट सांगते कारण ती नेमकी ॲनिमेशनची आहे. नीना पेली या अमेरिकन बाईने ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ नावाची ॲनिमेशन फिल्म केली, २००८ ची, रामायणातली सीता आणि १९२० च्या दशकातली ॲनेट हॅनशॉची गाणी. तिने आधी बघून घेतलं होतं की ती जुनी रेकॉर्डिंग अमेरिकेच्या केंद्रीय कॉपीराइटमध्ये येत नाहीत. रेकॉर्डिंगचं ठीक, पण त्या गाण्यांची शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट जिवंत होता आणि तो मोठ्या कंपन्यांकडे. सुरुवातीला आकडा आला साधारण २,२०,००० डॉलरचा. घासाघीस करून ५०,००० वर आलं आणि तेही तिने कर्ज काढून भरले. बाई बेफिकीर नव्हती, तिने तपासलं होतं, पण तीन थरांमधला एकच थर तपासला होता. तुझ्या बाबतीत आकडे एवढे नसणार पण फसण्याची जागा तीच आहे.

आता सहीचं. सही मागणं म्हणजे अविश्वास हे तू मनात धरून बसलीयेस ते मला पटत नाही, आणि त्याचं कारण कायद्यातच आहे. कॉपीराइटचं लायसन्स लेखी लागतं. इन्स्टाचा मेसेज लेखी नाही का असं तू म्हणशील, तर ईमेल किंवा मेसेज लेखी धरता येतो, आयटी कायदा २००० पासून इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता आहे. पण त्या मेसेजमध्ये मुदत नाही, प्रदेश नाही, आणि हे नसेल तर कायदा स्वतःच रिकाम्या जागा भरतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये हक्क दुसऱ्याच्या नावावर लिहून देण्यासाठी आहे आणि ते लायसन्सलाही लागू होतं. म्हणजे दादाच्या त्या प्रेमळ ओळीचा फार चांगला अर्थ लावला तरी फिल्म भारताबाहेरच्या फेस्टिव्हलला पाठवता येत नाही, उद्या फ्रान्समधल्या ॲनेसीच्या ॲनिमेशन फेस्टिव्हलला सिलेक्शन झालं तर कुठल्या तोंडाने पाठवशील? आणि सहाव्या वर्षी तुझ्याच यूट्यूब चॅनलवर ती ठेवायची म्हटलं तर परत विचारायचं.

दुसरं म्हणजे कागदाने दादाचंही भलं होतं. ‘या फिल्मपुरतं, एवढेच सेकंद, जाहिरातीत नाही, गाणं वेगळं काढून विकायचं नाही’ असं त्यात लिहिलं की उद्या तुझी फिल्म कुठल्या कंपनीने घेतली आणि त्यांनी ट्रेलरमध्ये, बिस्किटाच्या जाहिरातीत तेच गाणं ठोकलं तर त्याला बोलता येईल. मेसेजवरच्या ‘बिनधास्त’ला अशी काही कडा नाही. त्याला हे असं सांग, ‘दादा, तुम्ही हो म्हणालात म्हणून आनंद झाला, आता तुम्ही कशाला हो म्हणालात ते नीट लिहून तुम्हाला दाखवते, पटलं तर सही करा, नाही पटलं तर बदलू.’ यात अविश्वास कुठे दिसतो सांग.

क्रेडिटबद्दल पण बोलू, कारण तू ते पैशाच्या शेजारी ऑफर म्हणून ठेवलंयस. नाव देणं ही तुझी मेहेरबानी नाहीये गं. गीतकार आणि संगीतकाराला आपलं नाव आपल्या कृतीशी जोडलं जावं हा हक्क कायद्यानेच आहे (कलम ५७), हक्क विकून टाकले तरी तो राहतो. त्याच कलमात आपल्या कृतीची नाव खराब होईल अशी मोडतोड झाली तर हरकत घ्यायचाही हक्क आहे. म्हणून गाणं अंतऱ्याच्या मध्ये कापणार असशील, वर आवाज टाकणार असशील, तर ते सांगायला पाहिजे. आणि सीन काय आहे हेही. तुझ्या फिल्ममध्ये पावसाचं गाणं वाजतंय आणि पडद्यावर चाळीची भिंत पडतेय, बरोबर? गीतकाराने ते गाणं कुठल्या आठवणीतून लिहिलं असेल कोण जाणे. बहुतेकांना हा सीन आवडेलच, पण फेस्टिव्हलच्या अंधारात पहिल्यांदा कळण्यापेक्षा आधी प्रायव्हेट लिंकवर बघितलेलं बरं.

आता दहा हजार. दादा नको म्हणतोय तरी दे. एक तर मोबदला घेऊन दिलेली परवानगी करार म्हणून पक्की उभी राहते, फुकट दिलेली परवानगी ‘नको आता, काढ ते’ म्हणायला फार सोपी असते, आणि माणसं बदलतात, मॅनेजर येतो, लेबल विकलं जातं. दुसरं, तो स्वतःचे पैसे सोडू शकतो, गीतकाराचे कसे सोडेल?

वाटणी कशी करायची तर या धंद्यात साधारण रीत अशी की रेकॉर्डिंगची बाजू एक आणि गाण्याची बाजू (शब्द आणि चाल मिळून) एक, दोघांना सारखं. तुझ्या दहातले पाच हजार रेकॉर्डिंगसाठी लेबलला, पाच हजार गाण्यासाठी, त्यातले अडीच गीतकाराला आणि अडीच दादाला. आकडे लहान आहेत हे मलाही दिसतंय, म्हणूनच काय विकत घेतेयस ते पण लहान कर. ‘सगळीकडे, कायमचं’ मागितलंस तर लेबलवाला हसेल. त्याऐवजी दोन टप्पे कर. पहिला टप्पा फक्त फेस्टिव्हल आणि विनातिकीट खेळ, जगभर, दोन वर्षं, आणि तुझ्या कामाचा नमुना म्हणून कोणाला दाखवायला. याचे दहा हजार आत्ता. दुसरा टप्पा म्हणजे पुढे फिल्म यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकली किंवा ओटीटीने घेतली तर आणखी किती, तो आकडा आत्ताच लिहून ठेवायचा, समज वीस हजार, आणि तो तेव्हाच द्यायचा जेव्हा तसं खरंच घडेल. दुसऱ्या टप्प्याचा आकडा आत्ता न लिहिण्याची चूक फार जण करतात. फिल्मला बक्षीस मिळालं, प्लॅटफॉर्म विचारतोय, आणि आता लेबलला माहितीये की तुला हे गाणं लागणारच आहे, मग आकडा कुठेही जातो.

एक ओळ मात्र लिहू नकोस, ‘गीतकार व संगीतकार भविष्यातली सर्व रॉयल्टी सोडत आहेत’. इंटरनेटवरच्या तयार नमुन्यात ही हमखास असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फिल्ममधल्या गाण्याच्या शब्द-चालीवर थिएटरबाहेरच्या वापराची रॉयल्टी मिळण्याचा हक्क त्या लोकांना सोडूनच देता येत नाही. ओळ लिहिलीस तरी उपयोग शून्य आणि वाचणाऱ्या गीतकाराला राग येणार तो वेगळाच.

मेसेज परत पाठव आणि यावेळी ईमेलने. इन्स्टावर फक्त ‘दादा ईमेल द्या, सविस्तर लिहिते’ एवढंच. मी साधारण असं लिहीन, तुझ्या तपशिलाने बदल :

*नमस्कार दादा, तुम्ही ‘वापर’ म्हणालात त्याबद्दल मनापासून आभार. तेव्हा मी नीट माहिती दिली नव्हती, ती आता देते. फिल्म आठ मिनिटांची टूडी ॲनिमेशन आहे, मी एकटीने, स्वतःच्या पैशातून केलेली. तुमच्या गाण्याचा पहिला अंतरा आणि धृपद, एकूण १ मिनिट ५० सेकंद, फिल्मच्या शेवटी वाजतो. त्यावेळी पडद्यावर रिकामी केलेली चाळ पाडतायत आणि पाऊस सुरू होतो. गाणं शेवटी हळूहळू फेड होतं, मध्ये कुठे कापलेलं नाही. तो भाग बघायला लिंक सोबत आहे, पासवर्ड खाली. मला परवानगी हवी आहे ती जगभरातल्या फेस्टिव्हलसाठी, दोन वर्षं, फक्त या फिल्ममध्ये. गाणं तुम्ही इतर कोणालाही देऊ शकता. यासाठी एकूण १०,००० रुपये मी देऊ शकते, रेकॉर्डिंग आणि गाणं यात निम्मे निम्मे. पुढे ऑनलाइन प्रदर्शित झाली तर वेगळी रक्कम आत्ताच ठरवून ठेवू. शेवटच्या पाटीवर गाण्याचं नाव, गीत, संगीत, गायन, आणि ‘सौजन्य’ म्हणून लेबल असं लिहिणार आहे, नावं कशी लिहायची ते तुम्ही सांगा. शब्दांसाठी गीतकारांची आणि रेकॉर्डिंगसाठी लेबलची वेगळी परवानगी लागेल असं दिसतंय, त्यांच्याशी बोलायला नंबर किंवा ईमेल मिळेल का? चाल तुमच्याकडेच आहे की लेबलला दिलीये तेही कळवा. फेस्टिव्हलचा फॉर्म महिनाअखेरीस भरायचाय, म्हणून २० तारखेपर्यंत कळलं तर बरं होईल. नाही म्हणालात तरी राग नाही, मग मी दुसरी सोय करीन.*

हे लांब वाटेल, पण वाचणाऱ्याला उलट काहीच विचारावं लागत नाही आणि त्यामुळे उत्तर लवकर येतं. ‘गाणं तुम्ही इतर कोणालाही देऊ शकता’ ही ओळ विसरू नको, तिचा अर्थ तुला एकटीलाच हक्क नकोयत, आणि तिच्यामुळे किंमत खाली येते. गीतकाराला हेच पत्र जाईल, फक्त पहिली दोन वाक्यं बदलून, आणि त्यांना शक्यतो दादाकडूनच फोन जाऊ दे, कवी माणसाला अनोळखी मुलीचा रकमेसकट ईमेल गेला की आधी वाटतं फ्रॉड आहे. लेबलला मात्र भावनिक काही लिहू नकोस, फिल्मची माहिती, सेकंद, वापर, मुदत, रक्कम, तारीख, बास. छोट्या लेबलमध्ये हे सगळं एकच माणूस बघत असतो आणि त्याला दिवसाला असे कितीतरी ईमेल येतात, आठवड्याने एकदा आठवण करून दे, रोज नको.

सगळ्यांचे हो आले की एका पानाचा कागद प्रत्येकाबरोबर वेगळा. कोण कोणाला, काय, किती सेकंद, कुठे, किती वर्षं, किती रुपये, क्रेडिटची ओळ जशीच्या तशी, आणि एक वाक्य की ‘हे हक्क माझ्याकडे आहेत आणि मला ते द्यायचा अधिकार आहे’. हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण उद्या तिसराच कोणी उगवला तर तू निदान दाखवू शकतेस की तू विचारलं होतंस आणि समोरच्याने लिहून दिलं होतं. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने, नोटमध्ये फिल्मचं नाव. आणि त्या वेळी दादाकडे किंवा लेबलकडे मूळ फाइल माग, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह. तू आत्ता कुठूनतरी उतरवलेली एमपीथ्री लावून बसलीयेस ना? एमपीथ्रीच्या सुरुवातीला बऱ्याचदा बारीक शांतता चिकटलेली असते, ऐकू येत नाही, पण वेव्ह लावलीस की ठोके एखाद्या फ्रेमने सरकतात. टाइमलाइनवर दोन्ही फाइलच्या लाटा एकाखाली एक ठेवून पहिला ठोका जुळव, मगच जुनी काढ.

आणि लेबल नाही म्हणालं तर? हे आत्ताच बोलून ठेवू कारण तू ठेक्यावर ॲनिमेट केलंयस, तुझी मान त्या गाण्यात अडकलीये. गाण्याचा टेम्पो काढ. समज ९० बीपीएम आहे, म्हणजे मिनिटाला ९० ठोके, आणि तू सेकंदाला २४ फ्रेमवर काम करतेस, तर दर ठोक्याला बरोबर १६ फ्रेम येतात. तुझ्या विटा पडतात, छत्री उघडते, ते सगळं १६ च्या पटीत बसलेलं असणार. म्हणजे ९० बीपीएमचं कुठलंही दुसरं गाणं तिथे बऱ्यापैकी बसेल, फक्त कोणी ओठ हलवून गात नसेल तर. कोणी गाताना दाखवलं असेल तर तेवढे शॉट परत करावे लागतील, ते आत्ताच मोजून ठेव.

पहिला पर्याय म्हणजे दादाकडूनच तेच गाणं साधं नव्याने रेकॉर्ड करून घेणं, गिटार आणि आवाज. चाल आणि शब्द लेबलकडे गेलेले नसतील तर लेबलच्या रेकॉर्डिंगची गरजच उरत नाही, पण दादाने लेबलला ‘हे गाणं एवढी वर्षं दुसरीकडे गाणार नाही’ असं लिहून दिलंय का ते आधी विचार, अशी अट असते. दुसरा पर्याय, दादालाच किंवा आणखी कोणाला ९० च्या ठेक्यावर दोन मिनिटांचं नवं काहीतरी करायला सांगणं, त्याच दहा हजारात, आणि सगळे हक्क सुरुवातीपासून लिहून. मला विचारशील तर लेबल दोन आठवडे गप्प बसलं की हेच सुरू कर, त्यांच्या उत्तराची वाट बघत फॉर्मची तारीख घालवू नकोस. फॉर्मवर ‘हक्क घेतलेत’ला आत्ता टिक करून नंतर बघू असा विचार मनात आला असेल तर तो काढून टाक. ती टिक म्हणजे तू दिलेली हमी असते, खोटी निघाली तर भरायचं तुला लागतं.

आणखी एक, कागद सगळे नीट झाले तरी यूट्यूबवर टाकल्यावर क्लेम येऊ शकतो. लेबल किंवा डिस्ट्रिब्यूटरने गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत टाकलेलं असतं आणि त्या मशीनला तुझा कागद माहीत नाही. तुझं यूट्यूब दुसऱ्या टप्प्यात येतं, तेव्हा लेबलला आधीच सांग की माझा चॅनल तुमच्या यादीत टाका, म्हणजे क्लेम लागणार नाही, किंवा लागला तर सोडा. फिल्म आधी अनलिस्टेड टाक, अपलोड करतानाच कॉपीराइटची तपासणी होते, काय येतंय ते बघ, आणि मोकळी झाली की मग पब्लिक कर. प्रीमियरच्या रात्री हे शोधत बसू नकोस.

ज्या वाचकांना उलट बाजूने असा मेसेज येतो, म्हणजे गाणारे, चाली लावणारे, त्यांच्यासाठी पण सांगते, चाळकरीच्या दादासारखं लगेच ‘वापर बिनधास्त’ लिहू नका, पोर कितीही गोड बोलली तरी. ‘आवडलं, नक्की बघू. सीन पाठव, किती सेकंद, कुठे दाखवणार, किती वर्षं ते लिही’ एवढा रिप्लाय द्या. मग आपला लेबलचा करार काढून चाल कोणाकडे आहे ते वाचा. करार सापडत नसेल तर लेबलला आजच ईमेल करून प्रत मागवा, आणि समोरच्या मुलीला तसं कळवा, म्हणजे ती उगाच तुमच्या भरवशावर सीन रंगवत बसणार नाही.